पेलाभर तांबडी वाइन



गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. ज्यांच्या हाताखाली मी बाराखडी गिरवली ते आमचे गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत. वर्षभरापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. शहरातल्या इस्पितळात त्यांच्या रक्तवाहिनीत जाळीची बारीक नळी बसवली आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लावून दिल्या. मी भेटायला गेलो तेव्हा चहा झाल्यावर गुरुजी उठले आणि देवघराशेजारच्या फडताळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. परदेशातून आलेल्या जावयाने ती आणली होती. तांबडी वाइन. रोज रात्री जेवताना एक पेला घ्या, त्यात हृदयाला बळ देणारे द्रव्य असते, तिकडे डॉक्टरसुद्धा घेतात, असे जावयाने सांगितले होते.

गुरुजी माळकरी. जन्मात थेंबाला शिवलेले नाहीत. मला म्हणाले, "अरे, तू कॉलेजात शिकवतोस. खरं काय ते सांग. औषध असेल तर मी माळ काढून ठेवतो आणि घेतो. पण औषध नसेल, तर या वयात हा उद्योग कशाला?"

मी डॉक्टर नव्हे. मी संख्याशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा आकड्यांचाच आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी गुरुजींकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

ही गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. फ्रेंच माणूस लोणी, चीज, मांस भरपूर खातो, आणि तरीही हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण तिथे इंग्लंड-अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी, असे आकडे दिसत होते. या कोड्याला 'फ्रेंच विरोधाभास' असे नाव पडले. १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात हे कोडे मांडले गेले आणि त्याचे उत्तर बहुधा तांबड्या वाइनच्या पेल्यात असावे, असे सुचवले गेले. त्यानंतर अमेरिकेत तांबड्या वाइनचा खप एकदम वाढला. पुढच्याच वर्षी सेर्ज रनो आणि त्यांचे सहकारी द लोर्जेरिल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला. त्याच १९९२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल नावाचे द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. कोडे होतेच, आता त्याला किल्लीही मिळाली असे लोकांना वाटू लागले.

हे रेस्व्हेराट्रॉल म्हणजे काय, हे आमच्या नाशिककडच्या बागाईतदारांना चटकन कळेल. वेलीवर बुरशीचा रोग आला की वेल स्वस्थ बसत नाही. ती आपल्या परीने बुरशीशी झगडणारी द्रव्ये तयार करते. त्यांतलेच हे एक. ते द्राक्षाच्या सालीत असते, गरात जवळजवळ नसते. पांढरी वाइन करताना साल आधीच बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. तांबडी वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंगही येतो आणि हे द्रव्यही तिच्यात उतरते. शेंगदाण्यातही ते थोडेसे असते. आता प्रश्न असा, की ते उतरते तरी किती?

इथेच पहिला हिशेब करून पाहू. तांबड्या वाइनच्या एका लिटरमध्ये रेस्व्हेराट्रॉल सरासरीने दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते. एखाद्या वाइनमध्ये त्याहून बरेच कमी, एखादीत दुपटी-तिपटीने जास्त. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. जेवणाबरोबरचा पेला दीडशे मिलिलिटरचा धरला, तर एका पेल्यात एक मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. रेस्व्हेराट्रॉलचा डंका जगभर वाजला तो मुख्यतः २००६ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगामुळे. चरबीयुक्त खाणे देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना रेस्व्हेराट्रॉल दिले, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली आणि त्यांच्यातले मृत्यू कमी झाले. प्रयोग खरा होता. पण उंदरांना दिलेली मात्रा होती दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे बावीस मिलिग्रॅम. हीच मात्रा साठ किलो वजनाच्या माणसाला सरळ लावली, तर दिवसाला तेराशेहून अधिक मिलिग्रॅम होतात. पाऊण लिटरच्या एका बाटलीत दीड मिलिग्रॅम धरले, तर रोजच्या जवळजवळ नऊशे बाटल्या झाल्या. कोणी म्हणेल, उंदराचे शरीर लहान, त्याची पचनशक्ती वेगळी, मात्रा अशी सरळ लावू नये. बरोबर आहे. औषधशास्त्रात उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण बाराने भागतात. तसे भागून पाहिले तरी रोज सत्तरहून अधिक बाटल्या लागतात. आणि हेही लक्षात ठेवा, की २००८ साली साधा आहार घेणाऱ्या उंदरांवर हाच प्रयोग केला, तेव्हा त्यांचे आयुष्य काही वाढले नाही.

बरे, पोटात गेलेले तरी सगळे अंगी लागते काय? तर तेही नाही. २००४ साली माणसांना पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा बाटल्यांइतके, रेस्व्हेराट्रॉल तोंडाने देऊन त्यांचे रक्त तपासले. आतड्यातून ते चांगले शोषले गेले, पण आतडे आणि यकृत यांनी ते लगोलग बदलून टाकले. रक्तात मूळ रूपात राहिले ते नावापुरते. काही संशोधक म्हणतात, बदललेले द्रव्यही गुणकारी असू शकेल. असेल, पण ते आधी दाखवून द्यायला हवे. डेन्मार्कमध्ये चोवीस लठ्ठ पुरुषांवर झालेल्या प्रयोगात चार आठवडे रोज दीड हजार मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत फरक पडला नाही. दुसऱ्या काही लहान प्रयोगांत थोडा गुण दिसला आहे, काहींत नाही. पण या द्रव्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात, असे दाखवणारा मोठा प्रयोग आजवर झालेला नाही.

मला स्वतःला सर्वांत पटला तो अभ्यास इटलीतला. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण तिथे प्रश्न अगदी रोखठोक विचारला गेला आहे.

इटलीच्या टस्कनी प्रांतात किआंती नावाचा डोंगराळ मुलूख आहे. द्राक्षमळे आणि तांबडी वाइन यांसाठी तो जगात ओळखला जातो. जेवणाबरोबर वाइन ही तिथे रोजची गोष्ट. आपल्याकडे ताक असावे तशी. या भागातल्या दोन ठिकाणचे पासष्ट वर्षांवरचे ७८३ स्त्री-पुरुष संशोधकांनी निवडले. आता माणसाला नुसते विचारले, की बाबा रे, तू किती पितोस, तर उत्तर खरे येतेच असे नाही. काहींना आठवत नाही, काही लपवतात. म्हणून या संशोधकांनी प्रत्येकाची चोवीस तासांची लघवी गोळा केली आणि तिच्यात रेस्व्हेराट्रॉलचे शरीराने बदललेले अंश किती आहेत ते मोजले. तोंड काही सांगो, लघवी खोटे बोलत नाही. मग त्या मोजमापाप्रमाणे माणसांचे चार सारखे गट पाडले: सर्वांत कमी अंश असलेले, त्याहून थोडे अधिक, त्याहून अधिक आणि सर्वांत जास्त. आणि पुढे नऊ वर्षे वाट पाहिली.

त्या नऊ वर्षांत २६८ माणसे वारली. रेस्व्हेराट्रॉल हृदयाला आणि आयुष्याला बळ देत असेल, तर पहिल्या गटापासून चौथ्या गटाकडे जाताना मृत्यूचे प्रमाण पायरीपायरीने उतरत जायला हवे. प्रत्यक्षात काय दिसले? सर्वांत कमी अंश असलेल्या गटात शंभरांत ३४ माणसे गेली. दुसऱ्या गटात ३२, तिसऱ्यात ३३ ते ३४, आणि सर्वांत जास्त अंश असलेल्या गटात ३७. म्हणजे उतार नाहीच. शेवटचा आकडा मोठा दिसतो म्हणून रेस्व्हेराट्रॉलने नुकसान केले, असेही म्हणता येणार नाही. एवढा फरक योगायोगानेही पडतो. वय आणि इतर गोष्टींचा हिशेब करून पाहिला, तरी फायदा दिसला नाही. हृदयरोगातही नाही आणि कर्करोगातही नाही. हा निष्कर्ष २०१४ साली छापून आला.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. लघवी सुरुवातीला एकदाच तपासली होती, आणि जेवणातून मिळणाऱ्या लहान मात्रेबद्दलच तो बोलतो. गोळ्यांतल्या मोठ्या मात्रेबद्दल नाही. पण गुरुजींच्या जावयाचा दावा पेल्यातल्या मात्रेबद्दलच होता. त्या दाव्यापुरते उत्तर मिळाले.

आता चाणाक्ष श्रोते म्हणतील, रेस्व्हेराट्रॉल राहू द्या. पण थोडी वाइन पिणाऱ्या माणसांना न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे कितीतरी पाहण्यांत आढळले होते ना? होय, आढळले होते, आणि एकदा नव्हे, अनेकदा. द्रव्य कोणते का असेना, गुण आला म्हणजे झाले. हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा न पिणारे म्हणजे कोण, ते आपण पाहू.

समजा, एका गावात दोनशे प्रौढ माणसे आहेत. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी कल्पिले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. शंभर माणसे थोडी थोडी पितात, शंभर पीत नाहीत. न पिणाऱ्या शंभरांतले ऐंशी जन्मात न प्यालेले. उरलेले वीस मात्र पूर्वी पिणारे. यकृत बिघडले, रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी दम भरला, म्हणून त्यांनी सोडली. दहा वर्षांत ऐंशींपैकी आठ वारले, म्हणजे शंभराला दहा. त्या आजारी विसांपैकीही आठ गेले. पिणाऱ्या शंभरांपैकी बारा गेले. आता पाहणी करणाऱ्याने नुसत्या दोन ओळी मांडल्या: पिणारे, मृत्यू बारा, न पिणारे, मृत्यू सोळा. पिण्याने आयुष्य वाढते, असा निकाल लागला! वास्तविक, कधीच न प्यालेल्यांशी तुलना केली असती तर दहा विरुद्ध बारा असे दिसले असते, म्हणजे नेमके उलट. आजारामुळे सोडलेल्यांना न पिणाऱ्यांच्या खात्यात घातल्याने सगळा घोटाळा झाला.

ब्रिटनमधल्या शेपर यांनी ही शंका १९८८ सालीच बोलून दाखवली होती. तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. पुढे अशा पाहण्या एकत्र करून पुन्हा तपासण्याचे काम झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत एकशेसात पाहण्या आणि अठ्ठेचाळीस लाख माणसे होती. पाहण्यांतले असे दोष हिशेबात धरल्यावर थोडे पिणाऱ्यांचा फायदा दिसेनासा झाला.

दुसरा घोटाळा ताटातला आहे. डेन्मार्कमध्ये मोठ्या दुकानांतल्या पस्तीस लाख खरेद्यांच्या पावत्या तपासून २००६ साली एक मजेदार अभ्यास छापला गेला. वाइन घेणाऱ्याच्या पिशवीत ऑलिव्ह, फळे, भाज्या, कोंबडी, कमी चरबीचे चीज अधिक असे. बिअर घेणाऱ्याच्या पिशवीत तयार जेवणाची पाकिटे, साखर, डुकराचे मांस, लोणी, बटाट्याचे वेफर्स. म्हणजे वाइन पिणारा माणूस ठणठणीत असेल, तर श्रेय बाटलीला द्यायचे की भाजीच्या पिशवीला? शिवाय वाइन परवडणाऱ्याला डॉक्टरही परवडतो. हे सगळे गणिताने वेगळे काढता येते असे आम्ही संख्याशास्त्रवाले सांगतो खरे, पण पुरते वेगळे निघत नाही, हे आमचे आम्हाला माहीत असते.

या गुंत्यातून सुटण्याचा एक मार्ग मात्र सापडला आहे. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांना जन्मतःच असा आनुवंशिक गुण मिळतो, की दोन घोट घेताच चेहरा लाल होतो, मळमळते. अर्थात ते कमी पितात. हे त्यांच्या शिक्षणावर, पैशावर किंवा आजारावर अवलंबून नसते. आईबापांकडून जे आले ते आले. चीनमधल्या पाच लाख माणसांच्या मोठ्या पाहणीतून असे गट पाडून तुलना केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. नुसते विचारून घेतलेल्या उत्तरांप्रमाणे तिथेही थोडे पिणारे सुरक्षित दिसत होते. पण जन्मजात गुणाप्रमाणे पाहिले तेव्हा तो फायदा उडाला. दारू जितकी अधिक, तितका रक्तदाब अधिक आणि मेंदूच्या झटक्याचा धोका अधिक, अशी सरळ चढण निघाली. हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत फायदाही स्पष्ट नाही आणि तोटाही स्पष्ट नाही. ती माणसे बहुधा धान्याची कडक दारू पिणारी, वाइन पिणारी नव्हेत, हेही सांगायला हवे.

वाइनच्या बाजूने जे खरे आहे तेही झाकून ठेवू नये. इस्राएलमध्ये मधुमेहाच्या २२४ रुग्णांना दोन वर्षे रोज रात्री तांबडी वाइन, पांढरी वाइन किंवा पाणी दिले. तो प्रयोग २०१५ साली छापून आला. त्यात तांबड्या वाइनने रक्तातले 'चांगले' म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल किंचित वाढले. पण पुढे अडचण अशी, की हेच कोलेस्टेरॉल वाढवणारी औषधे माणसांना देऊन पाहिली, तेव्हा त्याने झटके कमी होतील ही आशा फोल ठरली. झटके आणि मृत्यू मोजणारा मोठा प्रयोग अमेरिकेत सुरू झाला होता. पण त्याचा पुष्कळसा पैसा दारू-कंपन्यांकडून येत होता आणि त्याची आखणीच त्यांना सोयीची झाली होती, असे चौकशीत दिसले. तेव्हा २०१८ साली सरकारी आरोग्यसंस्थेने तो बंद केला.

आणि ते फ्रेंच कोडे? १९९९ साली लॉ आणि वॉल्ड या ब्रिटिश संशोधकांनी दाखवले, की फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते. शिवाय फ्रेंच माणसाच्या आहारात प्राणिज चरबी वाढली ती इंग्लंडच्या मानाने उशिरा. असल्या आहाराचे परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. ताट आजचे पाहायचे आणि हृदय मात्र जुन्या ताटावर पोसलेले, अशी ती विसंगती होती, असे त्यांचे म्हणणे. ते सगळ्यांनाच मान्य आहे असे नाही, पण कोडे सोडवायला वाइन लागतेच असे राहिले नाही.

आठ दिवसांनी मी गुरुजींकडे गेलो. हे सगळे त्यांना सांगितले. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. झटक्यानंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी ज्या गोळ्या देतात, त्यांच्या जोडीला दारू घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुसरे म्हणजे दारू हे कर्करोगाचे एक सिद्ध कारण म्हणून १९८८ सालापासून नोंदलेले आहे, आणि वाइन त्याला अपवाद नाही. गोळ्यांतला एकही डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, हेही बजावले.

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. नऊशे बाटल्यांचा हिशेब त्यांनी पाटीवर करावा तसा बोटांवर पुन्हा करून पाहिला आणि तो बरोबर निघाल्यावर मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे जावई खोटं बोलला नाही. अर्धं ऐकून आला एवढंच."

"तसंच म्हणायचं," मी म्हणालो.

काकू आतून म्हणाल्या, "मग त्या बाटलीचं काय करायचं? नातवंडं येतील, फडताळ उघडतील."

गुरुजी म्हणाले, "जावई मे महिन्यात येतील. त्यांची त्यांना परत देऊ." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "अरे, पण नुसती द्राक्षं खाल्ली तर चालतील ना?"

मी म्हटले, "गुरुजी, तुमची साखर किती आहे, ते आधी मला दाखवा."